शोधनिकालातल्या तीन ओळी

एप्रिल लागला की पुण्यातल्या कितीतरी घरांत मोबाइलवर एकच शोध सुरू होतो: देवगड हापूस, घरपोच. गूगल पानभर निकाल दाखवतं. प्रत्येक निकालाच्या वाट्याला एक ठळक निळी ओळ येते आणि तिच्याखाली करड्या अक्षरांतला दोन-तीन ओळींचा मजकूर. ग्राहक कोणत्या निकालावर बोट टेकवणार, हे एवढ्यावरच ठरतं. फोटो, पेट्यांची माहिती, बागेची गोष्ट हे सगळं त्यानंतरचं आहे आणि तिथवर पोचतात ते टिचकी मारणारेच.

निळी ओळ म्हणजे पानाचं टायटल आणि करडा मजकूर म्हणजे डिस्क्रिप्शन. निकाल शंभर वेळा दिसला आणि त्यावर सहा वेळा टिचकी पडली, तर त्याचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर, सहा टक्के. हा आकडा वाढवायचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बहुतेक उपायांत थोडं खोटं मिसळलेलं असतं: नसलेली सवलत, कुणीच न दिलेला पहिला क्रमांक, संपत आलेल्या पेट्यांची भीती. मला वाटतं, खोट्याची इथे गरजच पडत नाही. ग्राहकाला ठरवण्यासाठी जी माहिती हवी असते ती बहुतेक दुकानदार टायटलमध्ये लिहीतच नाहीत. ती लिहिली की सीटीआर वाढायला पुष्कळ वाव असतो.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, देवगड तालुक्यात एका कुटुंबाची हापूसची कलमं आहेत. दलालाकडे माल टाकण्याऐवजी ते पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतात. त्यांनी वेबसाइट करून घेतली. पानावरचा मजकूर मराठीत आहे, चांगला आहे. पण बनवणाऱ्याने पानाच्या कोडमध्ये हे टायटल ठेवलं:

```html
<title>Best Devgad Hapus | Ratnagiri Alphonso | Buy Mango Online</title>
```

डिस्क्रिप्शन लिहिलंच नाही. असं पान निकालात दिसतं तेव्हा काय होतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

डिस्क्रिप्शन नसेल तर गूगल पानावरचाच एखादा तुकडा उचलून खाली लावतं. बहुधा शोधातल्या शब्दांशी जुळणारं वाक्य निवडतं. ते वाक्य नेमकं असेल तर ठीक, पण दुकानाच्या पानावर ते ‘कार्टमध्ये टाका, नियम व अटी’ अशा जागचंही असू शकतं. डिस्क्रिप्शन लिहिलं तरी गूगल तेच दाखवेल, याची हमी नसते. त्या शोधाचं उत्तर पानावरच्या मजकुरात अधिक चांगलं सापडलं, तर ते तेच दाखवतं. म्हणून डिस्क्रिप्शनमधली प्रत्येक गोष्ट पानावरही स्पष्ट वाक्यात लिहिलेली असावी. कोणताही तुकडा उचलला गेला तरी ग्राहकाला खरं तेच दिसेल.

टायटलचंही तसंच आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये गूगलने टायटल ठरवण्याची पद्धत बदलली आणि आपली टायटलं बदललेली पाहून अनेक वेबसाइटवाले गोंधळले. सप्टेंबरमध्ये गूगलने सांगितलं, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचं मूळ टायटलच वापरलं जातं. उरलेल्या वेळी ते पानावरचं मुख्य शीर्षक, ठळक मजकूर किंवा त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांतले शब्द घेतं. टायटल अर्धवट असेल, जुन्या वर्षाचं असेल, एकच मजकूर सगळ्या पानांवर असेल किंवा पानाशी जुळत नसेल, तर ते बदललं जाण्याची शक्यता वाढते. मराठी वेबसाइटवाल्यांच्या कामाची एक गोष्ट २०२२च्या जूनमध्ये त्यात आली. टायटलची भाषा किंवा लिपी पानाच्या मजकुराहून वेगळी असेल, तर गूगल मजकुराशी जुळणारं टायटल निवडू शकतं. म्हणजे मराठी मजकुरावर इंग्रजी किंवा रोमन लिपीतलं टायटल लावलं, तर ते तसंच दिसेल असं धरून चालता येत नाही.

आपल्या बागायतदाराच्या पानाला हे थेट लागू होतं. ‘पण लोक तर रोमन लिपीत टाइप करतात,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. करतातही. मात्र गूगल रोमन लिपीतल्या शोधालाही देवनागरी पानं दाखवतं. ज्याला मराठी वाचायला सोपं जातं त्याला मराठी निळी ओळ आपली वाटते. ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी इंग्रजी मजकुराचं वेगळं पान आणि त्याला इंग्रजी टायटल, हाच सरळ रस्ता आहे. एका ओळीत दोन्ही भाषा कोंबल्या की दोन्ही वाचकांना अर्धीच ओळ मिळते.

त्या टायटलमध्ये याहून मोठा दोषही आहे. त्यात देवगडही आहे आणि रत्नागिरीही. जास्त शोधांत यावं म्हणून दोन्ही नावं टाकली, हे उघड आहे. पण बाग देवगडात आहे. रत्नागिरीचा आंबा शोधणारा ग्राहक टिचकी मारून आत येईल आणि त्याला देवगडचा आंबा दिसेल. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या कोकणातल्या जिल्ह्यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. दुसरीकडचा आंबा हापूसच्या नावाने खपवला जातो, ही इथल्या बागायतदारांचीच जुनी तक्रार आहे. तीच माणसं स्वतःच्या टायटलमध्ये गावाचं नाव सैल सोडू लागली, तर त्यांच्या तक्रारीचा जोर कमी होतो.

आता नवं टायटल लिहू. लिहिण्याआधी हे कुटुंब ग्राहकांचे फोन आठवतं. फोनवर सगळ्यात आधी काय विचारलं जातं? आंबा कुठला? आमच्या शहरात पाठवता का? पेटीत किती डझन? फळ केवढं? आंबा तयार असतो की कच्चा? भाव काय? निकाल पाहणाऱ्याच्या मनातही हेच प्रश्न असतात आणि याच क्रमाने असतात. पहिल्या दोघांची उत्तरं टायटलमध्ये जावीत, बाकीची डिस्क्रिप्शनमध्ये.

```html
<title>देवगड हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबईत घरपोच</title>
<meta name="description" content="आमच्या देवगडच्या बागेतला हापूस. पेटी ५ डझन, फळ २००-२५० ग्रॅम. कच्ची पेटी पुणे, मुंबई, ठाण्यात २-३ दिवसांत; घरी ५-६ दिवसांत आंबा तयार. आजचा भाव पानावर.">
```

यात एकही विशेषण नाही. ‘सर्वोत्तम’, ‘अस्सल’, ‘नंबर वन’ हे शब्द आजूबाजूच्या सगळ्या निकालांत असतात. जे सगळेच म्हणतात, त्यावरून कुणी निवड करू शकत नाही. ‘कार्बाइडमुक्त’ हा शब्दही मुद्दाम वगळला आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. कायदा पाळतो, हे वेगळेपण म्हणून मिरवावं असं मला वाटत नाही. आपण आंबा गवताच्या आढीत कसा पिकवतो, हे पानावर फोटोसह दाखवलं तर तो दावा आपोआप उभा राहतो.

‘कच्ची पेटी’ हे शब्द मात्र ठेवायलाच हवेत आणि याच शब्दांवर बागायतदार सहसा अडतात. कच्ची म्हटलं तर ग्राहक जाईल, अशी भीती त्यांना वाटते. काही जण जातील, हे खरं आहे. परवा अक्षय्य तृतीया आहे आणि नैवेद्याला आमरस करायचा आहे, असा माणूस हे वाचून दुसरीकडे वळेल. त्याने वळावं, हेच बरं. तो आत आला असता, घाईत पेटी मागवली असती आणि सणाच्या दिवशी हातात हिरवा आंबा घेऊन बसला असता. मग पैसे परत मागणारा फोन, वाईट शेरा आणि पुढच्या वर्षी हातचं गेलेलं एक घर. दुसरीकडे, ज्याला आंबा महिनाभर पुरवून खायचा आहे त्याला कच्चीच पेटी हवी असते. इतर निकालांत त्याबद्दल काही लिहिलेलं नसतं, म्हणून तो याच निकालावर बोट टेकवतो. काही टिचक्या सोडून देण्याची तयारी ठेवल्याशिवाय योग्य टिचक्या वाढत नाहीत.

भावाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. निळ्या ओळीत भाव दिसला की लोक थांबतात, म्हणून तो लिहायचा मोह होतो. पण हापूसचा भाव हंगामात झपाट्याने उतरतो. मार्चमधला आणि मे महिन्यातला भाव सारखा राहत नाही. टायटल बदललं तरी गूगल ते पान पुन्हा वाचून जाईपर्यंत जुनाच मजकूर निकालात राहतो. त्याला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. म्हणून माझा नियम साधा आहे: गूगलच्या फेरीपेक्षा वेगाने बदलणारी गोष्ट टायटल-डिस्क्रिप्शनमध्ये आकड्याने लिहू नये. ‘आजचा भाव पानावर’ एवढं सांगावं आणि तो भाव पान उघडताच वरच्या भागात, तारखेसह दिसेल अशी व्यवस्था करावी. तसं वचन दिलं आणि भाव मात्र ‘फोन करा’ या बटणामागे दडवला, तर तीही फसवणूकच झाली.

भावाचा दुसरा खेळ ‘पासून’ या शब्दाचा. ‘हापूस अमुक रुपये डझनपासून’ असं लिहायचं आणि तो भाव सगळ्यात बारीक फळाचा असायचा, त्यातही फक्त दोन पेट्या शिल्लक. पेटीच्या वरच्या थरात टपोरी फळं आणि खाली बारकी लावावीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे बारकं फळ आकड्यात लपलेलं असतं. ‘पासून’ लिहायचंच असेल, तर ज्या आकाराच्या फळाची विक्री सर्वाधिक होते त्याचा भाव द्यावा आणि वजन शेजारीच लिहावं.

‘आज शेवटचा दिवस’, ‘फक्त ३ पेट्या उरल्या’ हे खरं असेल तर पानावर जरूर सांगावं. कायम तेच लिहिलेलं असेल, तर ते आता कायद्याच्या नजरेतही येतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांत खोटी घाई निर्माण करणं आहे आणि एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणंही आहे.

आता लांबीकडे वळू. इंग्रजी पुस्तकांत सांगतात, की टायटल साठ अक्षरांच्या आत आणि डिस्क्रिप्शन दीडशे-एकशेसाठ अक्षरांच्या आत ठेवा. गूगलने स्वतः टायटलला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. पडद्यावर जेवढी रुंदी असेल तेवढं दिसतं, पुढे तीन टिंबं येतात. मराठीत हा फरक जाणवतो. ‘रत्नागिरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो: र, त्ना, गि, री. संगणक मात्र व्यंजनं, हलन्त आणि मात्रा सुट्या मोजून त्याची नऊ चिन्हं करतो. म्हणजे मोजणी करणारं साधन ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून लाल खूण दाखवेल तेव्हाही टायटल पडद्यावर पुरतं मावलेलं असू शकतं. साधन काय म्हणतं ते बाजूला ठेवून स्वतःच्या फोनवर निकाल उघडून पाहणं, ही यातली खरी तपासणी. डिस्क्रिप्शनची लांबीही गूगल आपल्या मर्जीने बदलत आलं आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये त्याने हे तुकडे बरेच लांब केले आणि २०१८च्या मेमध्ये पुन्हा आखूड केले. मधल्या काळात ज्यांनी लांबलचक मजकूर लिहिले, त्यांचा शेवटचा भाग कापला गेला. म्हणून ज्याशिवाय निर्णय होत नाही ते आधी लिहावं. वरच्या डिस्क्रिप्शनमध्ये ‘आजचा भाव पानावर’ कापलं गेलं तरी चालेल, पण ‘कच्ची पेटी’ कापली जाऊन चालणार नाही, म्हणून ती मध्यात आहे. फोनवर तीही कापली जात असेल, तर तिला फळाच्या वजनाच्या आधी आणावं.

बदल केला, आता मोजायचं कसं? गूगलचं सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे. त्यात आपलं पान कोणत्या शोधाला किती वेळा दिसलं, किती टिचक्या पडल्या, सीटीआर किती आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतं. हे सोळा महिने आंब्याच्या धंद्याला फार उपयोगी आहेत, कारण यंदाच्या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी करता येते. फेब्रुवारीची एप्रिलशी तुलना केली तर फरक हंगामाचा असतो आणि श्रेय उगाच टायटलला जातं.

सगळ्या शोधांचा मिळून एक सीटीआर पाहणं, ही इथली सर्वांत सामान्य चूक. समजा, बदलाआधी पान हजार वेळा दिसलं, जवळजवळ सगळं ‘देवगड हापूस पुणे’सारख्या नेमक्या शोधांना, आणि साठ टिचक्या पडल्या. सीटीआर सहा टक्के. बदलानंतर त्याच शोधांना ते हजार वेळा दिसलं आणि नव्वद टिचक्या पडल्या. शिवाय ‘हापूस आंबा’ या मोघम शोधाला ते खालच्या क्रमांकावर चार हजार वेळा दिसू लागलं आणि तिथून चाळीस टिचक्या आल्या. एकूण पाच हजारांत एकशेतीस, म्हणजे २.६ टक्के. वरचा आकडा पाहणारा म्हणेल, सीटीआर निम्म्याहून खाली आला, जुनं टायटल परत लावा. प्रत्यक्षात ज्या ग्राहकांसाठी बदल केला, त्यांच्यातला सीटीआर सहावरून नऊ टक्क्यांवर गेला आहे. म्हणून एकेक शोध वेगळा काढून, क्रमांक साधारण तोच असताना, आधीचा आणि नंतरचा आकडा पाहायचा. बागेच्या नावानेच होणारे शोध बाजूला ठेवायचे. नाव माहीत असलेला माणूस टायटल कसंही असलं तरी आत येतोच.

सीटीआर वाढला म्हणजे टायटल प्रामाणिक आहे, असं मात्र सिद्ध होत नाही. खोटं टायटलही काही काळ सीटीआर वाढवतं. ते ओळखायला दुसरा आकडा शेजारी ठेवावा लागतो: या पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी पेटी मागवली किंवा फोन केला. टिचक्या दीडपट झाल्या आणि मागण्या जागच्या जागी राहिल्या, तर नवे आलेले लोक निराश होऊन परत जाताहेत. असं का होतंय, त्याचा माग बहुधा फोनवर लागतो. ‘नाशिकला पाठवता ना?’ असं वारंवार विचारलं जाऊ लागलं, तर टायटलमधलं ‘घरपोच’ शहरांच्या नावापासून तुटलेलं दिसत असणार. ‘उद्या खाता येईल ना?’ असं विचारलं जाऊ लागलं, तर ‘कच्ची पेटी’ कुठेतरी कापली जाते आहे. बागेतल्या ज्या माणसाकडे फोन असतो, त्याने असे प्रश्न वहीत टिपून ठेवावेत. पुढचं डिस्क्रिप्शन त्या वहीतूनच लिहायला सोपं जातं.

राहिला हंगामानंतरचा प्रश्न. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर हापूस संपतो, पण पान गूगलवर वर्षभर उभं असतं आणि जुलैमध्येही ‘पुणे-मुंबईत घरपोच’ असंच सांगत राहतं. ते काढून टाकू नये, कारण काढलं की पुढच्या मार्चमध्ये नव्याने सुरुवात करावी लागते. पत्ता तोच ठेवावा आणि मजकूर बदलावा. टायटल तेच चालेल, पण डिस्क्रिप्शनची सुरुवात ‘यंदाचा हंगाम संपला, नवी नोंदणी फेब्रुवारीत’ अशी करावी आणि पानाच्या माथ्यावरही तेच लिहावं. नंतर सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता तपासायला टाकून पुन्हा वाचण्याची विनंती करावी. फेब्रुवारीत आंबा मोहोरातून फळावर आला, की हीच विनंती उलट दिशेने करायची. ती पहिली पेटी भरायच्या दिवशी करून भागत नाही. गूगलला पान पुन्हा वाचायला जो वेळ लागतो, तो धरून दोन-तीन आठवडे आधी करावी.